तीस सेकंदांच्या फिल्मचं कोटेशन

ठिबक सिंचनाचं पाणी ड्रिपरपर्यंत पोचण्याआधी फिल्टरमधून जातं. त्यातला डिस्क फिल्टर बाहेरून पाहिला तर नुसता प्लॅस्टिकचा डबा दिसतो. आत मात्र बारीक खाचांच्या चकत्यांची चळत घट्ट दाबून बसवलेली असते. पाणी चळतीच्या बाहेरून आत जातं आणि गाळ, शेवाळ त्या खाचांत अडकून राहतं. शेतकऱ्याला पटवायचं असतं ते नेमकं हेच, आणि साध्या कॅमेऱ्याला हेच दिसत नाही. म्हणून असा माल बनवणाऱ्या कंपन्या थ्रीडी ॲनिमेशन करून घेतात. डबा पारदर्शक होतो, चकत्या सुट्या होऊन हवेत तरंगतात आणि पाण्याची वाट डोळ्यांना दिसते.

समजा, जळगावकडच्या एका छोट्या कारखानदाराला डिसेंबरात मोशीला भरणाऱ्या किसान प्रदर्शनासाठी अशी ३० सेकंदांची फिल्म हवी आहे. तो पुण्यातल्या एका फ्रीलान्सर मुलीला फोन करतो. “मॅडम, किती होतील आणि कधी मिळेल?” अशा वेळी फोनवर आकडा सांगायचा मोह फार होतो. ती सांगत नाही. “सर, संध्याकाळपर्यंत सविस्तर मेल करते,” एवढंच म्हणते. त्या मेलमध्ये दिवस, दुरुस्त्या आणि पैसे या तीन गोष्टी येतील. वरवर त्या वेगळ्या वाटल्या तरी तिन्ही एकाच प्रश्नावर येऊन थांबतात: बदल कोणत्या टप्प्यावर मागितला जाईल? पुढचे आकडे या उदाहरणापुरते आहेत. दर माणसागणिक आणि कामागणिक बदलतात.

आधी दिवस. पहिले दोन दिवस स्टोरीबोर्डचे, म्हणजे कोणत्या सेकंदाला काय दिसणार याची चित्रं. मग पाच दिवस मॉडेलिंग. कारखान्याकडे फिल्टरची स्टेप फाइल असतेच, पण ती साचा बनवण्यासाठी काढलेली असते. तिच्यात प्रत्येक आटा आणि आतला प्रत्येक स्क्रू असतो. ॲनिमेशनला ती जशीच्या तशी झेपत नाही, साफ करावी लागते. त्यानंतर चार दिवस हालचालीचे. या टप्प्यावर रंग नसतात. सगळे भाग करड्या रंगात फिरतात, म्हणून याला ग्रे प्रिव्ह्यू म्हणतात. मग तीन दिवसांत प्लॅस्टिकची चकाकी, पाणी आणि प्रकाश बसवून चार-पाच रंगीत स्थिरचित्रं काढायची. ती पसंत पडली की रेंडर, आणि शेवटचे दोन दिवस एडिटिंग, आवाज, संगीत.

रेंडरचं गणित मेलमध्ये उलगडून लिहावं असं मला फार वाटतं, कारण ग्राहकाला ते कुणी सांगितलेलंच नसतं. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ३० सेकंदांच्या ७५० फ्रेम होतात. पारदर्शक प्लॅस्टिक आणि पाणी असलं की प्रकाश कुठून कुठे वळतो याचा हिशेब संगणकाला प्रत्येक फ्रेमसाठी नव्याने करावा लागतो. सरासरी सहा मिनिटं धरली तरी ४५०० मिनिटं, म्हणजे ७५ तास होतात. एका मशीनवर रात्रंदिवस तीन दिवसांहून थोडं अधिक. हे कळलं की “फक्त झाकणाचा रंग बदला ना” या वाक्याचं वजन ग्राहकाच्याही लक्षात येतं.

तरी प्रत्येक रंगबदल महाग नसतो, आणि जाणकार फ्रीलान्सर हे प्रामाणिकपणे सांगते. रेंडर करताना प्रत्येक भागाचा वेगळा मास्क काढून ठेवलेला असेल, तर बाहेरच्या झाकणाचा निळा रंग हिरवा करणं एडिटिंगमध्ये तासाभरात होऊ शकतं. पण पारदर्शक डब्याच्या आतल्या चकत्यांचा रंग बदलायचा म्हटलं तर ही युक्ती सहसा चालत नाही. मास्कला समोरचा डबा दिसतो, त्यातून वाकून येणाऱ्या चकत्या नाहीत. ती दृश्यं पुन्हा रेंडर करावी लागतात. म्हणून चकत्यांचा रंग स्थिरचित्रांच्या टप्प्यावरच पक्का करून घ्यायचा, आणि मेलमध्ये तसं नाव घेऊन लिहायचं.

कामाचे हे दिवस १९ झाले. त्यात ग्राहकाचे दिवस धरायचे राहून जातात आणि बहुतेक वेळापत्रकं तिथेच मोडतात. स्टोरीबोर्ड, ग्रे प्रिव्ह्यू आणि स्थिरचित्रं या तीन ठिकाणी त्याची मंजुरी लागते. प्रत्येकी दोन दिवस धरले तर १९ चे २५ होतात, म्हणजे पाच आठवडे. दिवाळीच्या आठवड्यात कारखाना बंद असणार, फोन उचलायला कुणी नसणार. तो एक आठवडा आणि हाताशी राखून ठेवलेला आणखी एक, असे सात झाले. डिसेंबरच्या मध्यावर प्रदर्शन असेल तर ऑक्टोबर संपण्याआधी काम सुरू व्हायलाच हवं. मेलमधला हा परिच्छेद असा लिहिता येईल:

“सर, कामाचे दिवस ॲडव्हान्स आणि स्टेप फाइल या दोन्ही गोष्टी मिळाल्यावर मोजायला सुरुवात करेन. प्रत्येक टप्प्यावर आपलं उत्तर दोन कामाच्या दिवसांत मिळेल असं धरलं आहे. उत्तराला जेवढे दिवस जास्त लागतील तेवढी शेवटची तारीख पुढे जाईल. स्टेप फाइल नसेल तर मला फिल्टर कुरियरने पाठवा. मापं घेऊन मॉडेल बनवायला तीन दिवस वाढतील आणि १२,००० रुपये वेगळे होतील.”

आता दुरुस्त्या. बहुतेक मेलमध्ये “दोन रिव्हिजन मोफत” एवढंच असतं, आणि भांडणाचं मूळ तिथेच असतं. रिव्हिजन कशाला म्हणायचं हेच ठरलेलं नसतं. कारखान्यात तीन माणसं फिल्म पाहतात. मालक सकाळी व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवतो, मार्केटिंगवाला दुपारी फोन करतो आणि डिझाइनचा इंजिनियर दोन दिवसांनी सांगतो की मालकांनी सुचवलेला बदल तांत्रिकदृष्ट्या चुकीचा आहे. या एका फेरीच्या तीन झाल्या, त्यातली एक उलटी. म्हणून फेरीची व्याख्या लिहावीच लागते:

“एक फेरी म्हणजे आपल्याकडच्या सगळ्यांची मतं एकत्र करून एका व्यक्तीने, फिल्ममधल्या वेळेसह, पाठवलेली एक यादी. स्टोरीबोर्डवर दोन फेऱ्या, ग्रे प्रिव्ह्यूवर दोन, स्थिरचित्रांवर एक. शेवटच्या फिल्मवर एक फेरी मिळेल, पण ती फक्त अक्षरं, लोगो आणि आवाजासाठी. मंजूर झालेला टप्पा पुन्हा उघडायचा झाला तर किती दिवस आणि किती रुपये लागतील ते आधी लिहून कळवेन आणि आपला होकार आल्यावरच काम करेन.”

फेऱ्यांची ही वाटणी मुद्दाम उतरती आहे. स्टोरीबोर्डवर एक दृश्य काढून दुसरं घालायला दोन तास पुरतात. ग्रे प्रिव्ह्यूवर त्यालाच दिवस-दोन दिवस लागतात. रेंडरनंतर तेच केलं तर आठवडा जातो आणि प्रदर्शन हुकतं. स्वस्त टप्प्यावर हवे तेवढे विचार बदलू द्यावेत, महाग टप्प्यावर दार जवळजवळ बंद असावं.

आणखी एक ओळ मी प्रत्येक कोटेशनमध्ये शोधतो आणि फार थोड्या ठिकाणी सापडते: फ्रीलान्सरची स्वतःची चूक फेरीत मोजली जाणार नाही. समजा, तिने पाण्याचा प्रवाह चकत्यांच्या आतून बाहेर दाखवला. ठिबक वापरणारा शेतकरी फिल्टर स्वतः उघडून धुतो, गाळ बाहेरच्या कडेला बसतो हे त्याला ठाऊक असतं. स्टॉलवर ही चूक तो लगेच पकडेल आणि कंपनीवरचा त्याचा विश्वास उडेल. ती सुधारणं तिचंच काम आहे, कितीही फेऱ्या झाल्या तरी. उलट कारखान्याने मध्येच झाकणाच्या क्लॅम्पचं डिझाइन बदललं आणि नवी फाइल पाठवली, तर ती दुरुस्ती नाही. ते नवं काम आहे. प्रवाहाची दिशा, चकत्या दबण्याचा क्रम, धुण्याची पद्धत या गोष्टी ग्रे प्रिव्ह्यूवर इंजिनियरनेच तपासाव्यात आणि मंजुरी त्याच्या नावाने यावी, असं तिने मागून घ्यावं.

उरले पैसे. बाजारात सेकंदावर भाव सांगायची पद्धत आहे आणि मला ती चुकीची वाटते. आपल्या उदाहरणात १९ पैकी तीन दिवस मशीनचे. माणसाचे १६ दिवस रोजी ४,००० रुपयांनी ६४,००० होतात. मशीन आणि वीज ६,०००, निवेदकाचा आवाज आणि संगीताचा परवाना १०,०००. एकूण ८०,०००, म्हणजे सेकंदाला सुमारे २,६७० रुपये. आता कारखानदार म्हणाला, “१५ सेकंदांचीच करा, ४०,००० देतो.” पण मॉडेलिंगचे पाच दिवस आणि स्थिरचित्रांचे तीन दिवस तसेच राहतात, निवेदकही जवळपास तेवढेच घेतो. कमी होतात ते हालचालीचे, स्टोरीबोर्डचे, एडिटिंगचे काही दिवस आणि अर्धं रेंडर. सगळं जोडलं तर ६०,००० च्या खाली उतरत नाही. सेकंदाचा भाव आधी सांगून बसलेल्या फ्रीलान्सरला हे समजावणं जड जातं. हेच गणित उलटं वापरलं तर ग्राहकाचा फायदा होतो. त्याच फिल्टरची दुसरी फिल्म सहा महिन्यांनी केली तर मॉडेल तयार असतं, आणि ती बरीच स्वस्त पडायला हवी.

एका गोष्टीची किंमत मात्र आधीच विचारून घ्यावी, ती म्हणजे उभ्या फिल्मची. स्टॉलवरची स्क्रीन आडवी असते, मोबाइलवर उभी फिल्म लागते. आडवीच्या कडा कापून उभी केली तर सुट्या होऊन पसरलेल्या चकत्या चौकटीबाहेर जातात. कॅमेरा पुन्हा लावावा लागतो, पुन्हा रेंडर करावं लागतं. सुरुवातीलाच सांगितलं तर ती दृश्यं दोन्ही मापांचा विचार करून रचता येतात आणि वाढीव खर्च कमी राहतो.

पैशांचे हप्तेही टप्प्यांनाच बांधलेले बरे. ४० टक्के, म्हणजे ३२,००० कामाच्या सुरुवातीला, २४,००० ग्रे प्रिव्ह्यू मंजूर झाल्यावर आणि उरलेले २४,००० वॉटरमार्क असलेली पूर्ण फिल्म पाहिल्यानंतर, स्वच्छ फाइल देण्याआधी. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी लावताही येत नाही. नोंदणी असेल तर १८ टक्के वेगळा दाखवायचा. कंपनीने टीडीएस कापला तर खात्यात रक्कम कमी येते, पण ती पॅनवर जमा दिसते, म्हणून बिलाची रक्कम कापण्याआधीची लिहायची. फ्रीलान्सरची उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. नोंदणीचा क्रमांक मेलच्या तळाशी टाकायला काहीच लागत नाही.

शेवटी फाइलींचा प्रश्न. तयार फिल्म कंपनीची. पण ज्यात मॉडेल, प्रकाश आणि हालचाल आहे ती मूळ प्रोजेक्ट फाइल ८०,००० मध्ये धरली आहे की नाही, हे स्पष्ट लिहायचं. आपल्या मुलीने ती धरलेली नाही, हवी असल्यास वेगळा दर दिला आहे. त्याखाली तिची अखेरची ओळ आहे: “हे कोटेशन १५ दिवस ग्राह्य राहील. मान्य असल्यास याच मेलला उत्तर म्हणून ‘मान्य’ असं लिहावं आणि मंजुरी देणाऱ्या इंजिनियर साहेबांचा नंबर कळवावा.”