सहा आठवड्यांच्या नोंदी, एक परिच्छेद

समजा, गावाच्या पाणीयोजनेचं काम सुरू आहे. सहा आठवड्यांच्या नोंदी साइट-डायरीत, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि बिलांच्या पाठीवर विखुरल्या आहेत. त्या तारखेनुसार लिहीत गेलं, तर हकिगत होते, अहवाल नाही. म्हणून त्या आधी विषयवार लावा आणि प्रत्येक विषयाची ताजी स्थिती ठेवा. ‘परवानगी दोन दिवसांत मिळेल’ असं तीन आठवडे लिहिलेलं दिसलं, तर तीच जोखीम. ‘जवळपास पूर्ण’ दिसलं, तर फोन करून आकडा घ्या. मग लिहा:

“काम दोन आठवडे मागे आहे. ४,२०० पैकी २,९०० मीटर जलवाहिनी टाकली. टाकीचा स्लॅब झाला. रस्ता खोदायची परवानगी २५ मेपर्यंत न मिळाल्यास पावसामुळे रस्त्यापलीकडचं काम ऑक्टोबरवर जाईल. त्यासाठी शाखा अभियंता सोमवारी बांधकाम विभागात जातील. ठेकेदार २० मेपर्यंत गावठाणातली ६०० मीटर वाहिनी पुरी करील.”

पहिल्याच वाक्यात निष्कर्ष आला. जोखमीला तारीख आणि परिणाम आहे, पुढच्या प्रत्येक कामाला जबाबदार माणूस आहे. यातलं काही सुटलं, तर वाचणारा ते विचारायला फोन करणारच.