हेडफोनमध्ये सरसर ऐकू येते? डॅक विकत घेण्याआधी हे तपासा

काहीही वाजत नसताना हेडफोनमध्ये बारीक सरसर ऐकू येते. कॉलवर समोरचा म्हणतो, "तुमच्या आवाजामागे खरखर आहे." दोन्हींवर उपाय म्हणून अनेक जण बाहेरून जोडायचा डॅक घेतात. पण या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत.

हेडफोनमधली सरसर

डॅक डिजिटल माहितीचं हेडफोनला लागणाऱ्या विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करतो. मदरबोर्डवर तो असतोच आणि बहुतेकदा पुरेसा चांगला असतो. अडचण आसपासच्या विद्युत गोंगाटाची असते. कॅबिनेटच्या पुढच्या जॅककडे जाणारी वायर इतर भागांजवळून जाताना तो गोंगाट उचलते. माऊस हलवताना किंवा गेम सुरू होताना सरसर बदलली, तर कारण बहुधा हेच.

आधी हेडफोन मागच्या जॅकला लावून पाहा. तिथेही सरसर राहिली, पण तोच हेडफोन फोनला लावल्यावर शांत असेल, तर यूएसबी डॅक उपयोगी पडू शकतो. कारण मग हे रूपांतर कॅबिनेटच्या बाहेर होतं.

माइकमधली खरखर

साध्या डॅकला माइकसाठी इनपुटच नसतं, त्यामुळे इथे तो निरुपयोगी. माइकचा सिग्नल मुळात क्षीण असतो. विंडोजमध्ये `Microphone Boost` +30 dB वर असेल, तर तो सुमारे 32 पट वाढतो आणि सोबत खरखरही. बूस्ट +10 dB वर आणा आणि माइक तोंडाजवळ घ्या. तरीही खरखर राहिली, तर माइक इनपुट असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या.