मेथोट्रेक्सेट घेताना रक्ततपासणी कशासाठी?

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घेतात. सुरुवातीला साधारण दर दोन आठवड्यांनी आणि डोस स्थिरावल्यावर हळूहळू अंतर वाढवत तीन महिन्यांनी सीबीसी, यकृतासाठी एसजीपीटी आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन तपासतात.

समजा, आठवड्याला १५ मिलिग्रॅम घेणाऱ्या बाईंना जुलाब झाले. अंगातलं पाणी घटलं, क्रिएटिनिन ०.८ वरून १.२ झालं. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं. ते साचलं आणि अस्थिमज्जेत पेशी कमी तयार होऊ लागल्या. पांढऱ्या पेशी ३,१०० वर आल्या. त्या ३,५०० च्या खाली गेल्या, की पुढचा डोस न घेता डॉक्टरांना लगेच कळवावं. एसजीपीटी १०० च्या वर किंवा प्लेटलेट १,४०,००० च्या खाली गेल्यासही तेच. तोंड आलं किंवा ताप आला, तर ठरलेल्या तपासणीपर्यंत थांबू नये.