फलकावरचा भाव आणि पाटल्यांचं बिल

सराफाच्या दुकानात फलकावर ठळक लिहिलेला भाव बहुधा चोवीस कॅरेटचा असतो आणि आपण घेतो ते दागिने बहुधा बावीस कॅरेटचे. खरेदीत गल्लत होते ती इथेच.

चोवीस कॅरेट म्हणजे जवळपास निव्वळ सोनं. ते इतकं मऊ असतं की रोजच्या वापरात पाटली चेपते, खड्याची पकड सैल होते. म्हणून वेढणी, नाणी चोवीस कॅरेटची करतात आणि दागिन्यात तांबं, चांदी मिसळतात. चोवीस भागांपैकी बावीस भाग सोनं, म्हणजे हजारात साधारण ९१६. दागिन्यावर ‘916’ असा शिक्का असतो तो याचाच.

समजा, चोवीस कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे. हिशेबाला सोपा म्हणून हा आकडा घेतला. मग बावीस कॅरेटचा भाव ९,१६० च्या आसपास हवा. वीस ग्रॅमच्या पाटल्यांच्या सोन्याचे १,८३,२०० रुपये झाले. घडणावळ बारा टक्के धरली तर २१,९८४. या दोन्हींच्या बेरजेवर तीन टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ६,१५६. एकूण बिल २,११,३४० रुपये. दुकानदाराने याच पाटल्यांना चोवीसचा भाव लावला, तर नुसत्या सोन्यातच १६,८०० रुपये जास्त जातात. त्यावर घडणावळ टक्क्यांनी असेल तर तीही फुगते. म्हणून आधी विचारावं, ‘बावीसचा भाव काय लावलात?’ आणि बिलावर भाव, वजन, घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. खड्यांचा दागिना असेल तर खड्यांचं वजन वजा करून उरलेल्या सोन्याचंच मोल द्यावं. खडे सोन्याच्या भावाने विकत घेण्याचं काहीच कारण नाही.

याच पाटल्या त्याच भावात मोडायला नेल्या, तर त्यांत शुद्ध सोनं १८.३२ ग्रॅम. हाती फार तर १,८३,२०० येतील, तेही सराफाने घट धरली नाही तर. घडणावळ आणि कराचे २८,१४० रुपये परत येत नाहीत. केवळ गुंतवणूक म्हणून दागिना घेणाऱ्याने हा आकडा आधीच मांडून पाहावा.

शुद्धतेची खात्री नुसत्या ‘916’ वर ठेवू नये, तो आकडा कोणीही ठोकू शकतो. हॉलमार्कमध्ये बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, ‘22K916’ आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी अशा तीन खुणा असतात. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीचा असलेल्या दागिन्यांवर हा एचयूआयडी लागतो; दोन ग्रॅमखालच्या दागिन्यांना सूट आहे. शिक्का बारीक असतो, दुकानातलं भिंग मागून घ्यावं. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. हातात पाटली आणि पडद्यावर अंगठी असेल, तर घेऊ नये. हॉलमार्क असूनही तपासणीत सोनं कमी भरलं, तर नियमानुसार तुटीच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळतो. त्यासाठी पक्कं बिल मात्र जवळ लागतं.