नफा वाटावा की राखावा?

कंपनीची वार्षिक सभा भरली आणि संचालकांनी यंदा लाभांश मिळणार नाही असे जाहीर केले, की सभागृहात कुरबुर सुरू होते. भागधारकांना वाटते, आपल्या तोंडचा घास काढून घेतला. हे गाऱ्हाणे कितपत खरे आहे, ते आज आपण पाहू.

प्रथम मायरन गॉर्डन या अर्थशास्त्रज्ञाचे सूत्र घेऊ. त्यांनी ते १९५६ ते १९६३ या काळात मांडले. सूत्र सोपे आहे. भागधारक आपल्या पैशावर जो परतावा मागतो, त्यातून लाभांशाच्या वाढीचा दर वजा करा. उरलेल्या दराने पुढील वर्षाच्या लाभांशाला भागा, म्हणजे भागाची किंमत निघते.

समजा, एका भागामागे नफा १० रुपये आहे आणि लोक शेकडा १० परतावा मागतात. सारा नफा वाटला तर वाढ शून्य. म्हणून किंमत १०० रुपये. आता कंपनीने ४ रुपये राखले आणि ६ वाटले. राखलेला पैसा धंद्यात शेकडा १५ मिळवीत असेल, तर लाभांश दरसाल शेकडा ६ ने वाढेल. दहातून सहा गेले, चार उरले. सहा रुपयांना शेकडा ४ ने भागले की किंमत १५० रुपये! पण तोच पैसा शेकडा ८ च मिळवीत असेल तर किंमत उतरून सुमारे ८८ रुपये होते. आणि बरोबर शेकडा १० मिळवीत असेल तर ती १०० च राहते.

येथे जरा थांबा. किंमत चढली-उतरली ती लाभांश कमी केल्यामुळे की राखलेला पैसा चांगल्या वा वाईट कामी लागल्यामुळे? सूत्रात या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि विद्यार्थी इथेच फसतात. गॉर्डन यांचे म्हणणे त्याहून पुढचे होते. दूरच्या लाभांशाची खात्री कमी, म्हणून लोक जास्त परतावा मागतील, असे ते म्हणत. वरच्या शेवटच्या उदाहरणात लोकांनी दहाऐवजी शेकडा ११ मागितले, तर १०० रुपयांचा भाग ८६ च्या खाली येतो. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, तोच हा विचार.

१९६१ मध्ये फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर यांनी ही गुंतागुंत सोडवली. ते म्हणाले, कंपनी कोणते काम हाती घेणार हे आधी पक्के धरा. मगच लाभांशाचा विचार करा.

असे पाहा. एका कंपनीचे १,००० भाग आहेत. हाती १०,००० रुपये नफा आहे आणि तेवढ्याच किमतीचे यंत्र घ्यायचे ठरले आहे. यंत्रासह कंपनीचे मोल १,१०,००० रुपये होते. नफा राखला तर प्रत्येक भाग ११० रुपयांचा. नफा वाटला तर भागामागे १० रुपये हाती येतात. पण यंत्रासाठी १०० रुपयांचे १०० नवे भाग विकावे लागतात. आता भाग झाले १,१०० आणि किंमत १०० रुपये. दहा अधिक शंभर, म्हणजे पुन्हा ११०!

एका निवृत्त गुरुजींजवळ ११ भाग आहेत आणि त्यांना घरखर्चाला रोकड हवी आहे. लाभांश मिळाला तर ११० रुपये रोख आणि १,१०० रुपयांचे भाग. नाही मिळाला तर त्यांनी एक भाग ११० रुपयांना विकावा. उरलेले १० भाग १,१०० रुपयांचेच राहतात. मग गमावले काय? दूरच्या लाभांशाच्या भीतीलाही येथे उत्तर आहे. धोका धंद्यात असतो. पैसा कोणत्या खिशात ठेवला त्यावर तो ठरत नाही.

मात्र हा हिशेब काही अटींवर उभा आहे. भाग योग्य किमतीला, खर्चावाचून विकता आला पाहिजे. करात भेद नको. आणि कंपनीची खरी स्थिती सर्वांस ठाऊक हवी. व्यवहारात दलाली पडते. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून लाभांशावर भागधारकाच्या हाती कर बसतो, तर भाग विकल्यास कर नफ्यापुरता असतो आणि त्याचे नियम वेगळे. शिवाय लाभांश अचानक घटला की लोक धंदा खालावल्याची शंका घेतात.

सहकारी कारखान्याचे सभासद तर याबाबतीत वेगळेच. त्यांचा भाग शेअरबाजारात चढत्या भावाने विकता येत नाही. राखलेल्या नफ्याचे मोल गुरुजींप्रमाणे विकून हाती घेण्याची वाट त्यांना नाही. म्हणून हा युक्तिवाद त्यांना जसाच्या तसा लावू नये.

तेव्हा पुढल्या सभेत लाभांश कमी का, एवढेच विचारून बसू नका. राखलेला पैसा कोठे घातला आणि तो शेकडा किती मिळवतो, हे विचारा. आपण मागतो त्याहून तो कमी मिळवीत असेल, तर तुमचे गाऱ्हाणे खरे.