एजन्सीचं बिल कोण भरतं?

मलकापूरच्या एस.टी. स्टँडजवळच्या भिंतींवर, झेरॉक्सच्या दुकानात आणि आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर एक जाहिरात बारा महिने दिसते. ‘पाहिजेत : दहावी, बारावी, आयटीआय, डिप्लोमा. पगार १८ हजारांपासून पुढे. राहण्याची सोय. आजच भेटा.’ खाली मोबाइल नंबर असतो, कंपनीचं नाव नसतं. शाहूवाडी तालुक्यातली पोरं कामासाठी शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत जातात, त्याहून पुढे चाकणला. जाताना कुठे ना कुठे असा एक नंबर त्यांना लागतोच.

मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत पर्सोनेल खात्यात होतो, म्हणजे याच धंद्याच्या गिऱ्हाइकाच्या बाजूला. कन्सल्टंटची आणि लेबर कॉन्ट्रॅक्टरची बिलं माझ्या टेबलावरून पास व्हायची. अजूनही पोरं ऑफर लेटर घेऊन घरी येतात आणि विचारतात, “काका, एजन्सी खात्रीची आहे का?” मी उलट विचारतो, “तिला पैसे कोण देतंय?” बहुतेकांनी याचा विचारच केलेला नसतो. त्यांना वाटतं, एजन्सी आपलं काम करतेय. खरं तर चांगली एजन्सी कंपनीचं काम करते, कारण तिचं बिल कंपनी भरते. त्यात गैर काही नाही, फक्त ते डोक्यात पक्कं असावं.

प्लेसमेंट कन्सल्टंटचा सरळ हिशोब असा. त्याने दिलेला माणूस कामावर रुजू झाला, की कंपनी त्याला वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के देते. आकडा विचित्र वाटतो, पण तो वर्षाचा बारावा हिस्सा, म्हणजे एका महिन्याचा पगार. वरच्या पदांना टक्केवारी चढते. माणूस ठरलेल्या मुदतीत, साधारण ९० दिवसांत, सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यायचा, अशी अट करारात असते. रुजू होईपर्यंत कन्सल्टंटला छदामही मिळत नाही.

आता डिप्लोमा झालेल्या एका पोराचं उदाहरण घ्या. ऑफर महिना २५ हजारांची. पोराला वाटतं, २७ मागून बघावेत. कन्सल्टंट म्हणतो, “नको, ताणू नकोस, ऑफर जाईल.” पोराचा समज असा, की आपला पगार वाढला तर याचंही कमिशन वाढेल, म्हणजे हा आपल्याच बाजूने बोलतोय. पण हिशोब करा. पगार दोन हजारांनी वाढला तर कन्सल्टंटची फी जेमतेम दोन हजारांनी वाढते, तीही एकदाच. ऑफर फिसकटली तर त्याचे २५ हजार बुडतात. पोराला मात्र ते दोन हजार दर महिन्याला मिळणार असतात, वर्षाचे २४ हजार. म्हणून पगार किती मागावा, हा सल्ला कन्सल्टंटकडून घेऊ नये. तो खोटं बोलतो असं नाही. त्याचा फायदा सौदा लवकर मिटण्यात आहे, एवढंच.

त्या ९० दिवसांचीही एक गंमत आहे. तेवढे दिवस कन्सल्टंटचा फोन अगदी मायेने येतो, “जमतंय ना? सोडू नकोस हं.” मुदत संपली, की तोच माणूस दुसऱ्या कंपनीची जागा घेऊन फोन करतो. त्याच पोरावर दुसऱ्यांदा फी. आमच्याकडे एका कन्सल्टंटने दिलेले सीएनसी ऑपरेटर चौथ्या महिन्यात एकेक करून शेजारच्या प्लॉटवर गेले, आणि तिथला कन्सल्टंटही तोच निघाला. सरळ कन्सल्टंट आपणच बसवलेल्या माणसाला ठरावीक काळ हात लावत नाही, आणि तसं कराराच्या कागदावर लिहून देतो.

बायोडाटा पाठवण्यापूर्वी कंपनीचं नाव सांगून तो विचारतो का, हीसुद्धा परीक्षा आहे. एकाच पोराचा बायोडाटा दोन कन्सल्टंटांकडून आला, की फी कोणाची यावर भांडण लागतं. मग आम्ही काय करायचो? दोन्ही कागद बाजूला ठेवून तिसऱ्या उमेदवाराला बोलवायचो. पोराला कधी कळतही नसे.

हे झालं कन्सल्टंटचं. पण जाहिरातीतल्या त्या १८ हजारांमागे बहुतेक वेळा कन्सल्टंट नसतोच, लेबर कॉन्ट्रॅक्टर असतो. त्याचं उत्पन्न एकदाचं नसतं. पोरगं कामावर असेपर्यंत ते दर महिन्याला चालू राहतं, आणि पगारही त्याच्याच हातून येतो. त्याचं बिल एकदा नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये, घरभाडं ७००. हातात पडण्याआधीचा पगार झाला १४,७००. त्यावर मालकाच्या हिश्श्याचा पीएफ, इतर आकारांसह १३ टक्के धरून, १,८२०. ईएसआय सव्वातीन टक्क्यांनी ४७८. बोनसची तरतूद ८.३३ टक्क्यांनी १,१६६. बेरीज १८,१६४. भिंतीवरचे १८ हजार ते हेच! तो पगार नसतो, कंपनीला एक माणूस केवढ्याला पडतो तो आकडा असतो. पोराच्या १४,७०० मधून त्याच्या हिश्श्याचा पीएफ १,६८०, ईएसआय १११ आणि व्यवसाय कर २०० वजा केले, की बँकेत १२,७०९ जमा होतात. पहिल्या पगाराला “फसवलं” म्हणून जी पोरं परत येतात, त्यातली काही खरं तर फसवलेली नसतात. त्यांना आकडा समजावून सांगितलेला नसतो, आणि तोही मुद्दामच.

१८,१६४ वर कॉन्ट्रॅक्टर स्वतःचा सर्व्हिस चार्ज लावतो. सात टक्के धरले तर माणशी १,२७१ रुपये. वरचा १८ टक्के जीएसटी सरकारचा. म्हणजे सरळ कॉन्ट्रॅक्टरची कमाई ती एवढीच, आणि त्यातून सुपरवायझर, कारकून, कागदपत्रं, हेलपाटे सगळं भागवायचं.

आता दुसरा कॉन्ट्रॅक्टर येतो आणि तीन टक्क्यांचं कोटेशन देतो. माणशी ५४५ रुपये, शंभर माणसांचे ५४,५००. पगार त्याला सात तारखेपर्यंत वाटायचा असतो आणि पीएफ पंधरा तारखेपर्यंत भरायचा असतो. कंपनी मात्र बिलाचे पैसे दीड-दोन महिन्यांनी देते. शंभर माणसांच्या पगाराचे, पीएफ-ईएसआयचे मिळून १७ लाख रुपये दीड महिना अडकले, तर वर्षाला १२ टक्के दराने व्याजच २५ हजारांवर जातं. उरलेल्या २९ हजारांत एक सुपरवायझर आणि एक कारकून ठेवला, की हातात शून्य. मग हा धंदा का करतो? कारण तो सर्व्हिस चार्जवर जगतच नाही. तो पोरांच्या पगारातून काढतो.

कसा, ते मी बिलं आणि हजेरीपत्रकं शेजारी ठेवून पाहिलंय. मालकाच्या हिश्श्याचा पीएफसुद्धा पोराच्याच पगारातून कापायचा, जे कायद्याने चालत नाही. कापलेला पीएफ महिनोन्‌महिने भरायचा नाही. बिलात बोनस लावून कंपनीकडून घ्यायचा आणि दिवाळीआधी पोरगं सोडून गेलं, की स्वतः ठेवायचा. बूट, गणवेश, खोलीचं भाडं, ‘रजिस्ट्रेशन’ या नावांनी दोन-पाचशेची कात्री लावायची. तीन टक्क्यांचं कोटेशन मंजूर करणाऱ्या कंपनीला यातलं काही कळत नाही, यावर माझा विश्वास नाही. कॉन्ट्रॅक्टरने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी शेवटी मूळ कंपनीवर येते. पण पोरगं गेटच्या आत येऊन तसं विचारत नाही, हे दोघांनाही माहीत असतं.

आमच्या बाजूचाही एक डाग सांगायला हवा. काही ठिकाणी एजन्सी निवडणारा अधिकारीच तिच्याकडून माणशी कट घेतो, नाही तर एजन्सी त्याच्याच मेहुण्याची असते. ओळखायचं कसं? कंपनीच्या गेटवर थेट अर्ज घेत नाहीत, ‘त्याच्याकडूनच या’ म्हणतात, आणि तो ‘त्याच्या’ ऑफिसात आधी पैसे मागतो. ‘आधी आमचा कोर्स करा, मग नोकरीची हमी’ म्हणणाराही याच जातीचा. कोर्सची फी हीच त्याची कमाई असते. नोकरी लागली काय, न लागली काय, त्याचं काही अडत नाही.

उमेदवाराकडून पैसे घेणं सगळीकडेच बेकायदा आहे, असं मात्र नाही. परदेशी नोकरीसाठी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटला कामगाराकडून सेवाशुल्क घेता येतं. त्याची कमाल मर्यादा ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४००, तेही पावती देऊन. एजंटची नोंदणी चालू आहे की नाही, हे emigrate.gov.in वर कुणालाही पाहता येतं. आखातात पाठवतो म्हणून गावात फिरणारा जो माणूस लाख-दीड लाख रोख मागतो, तो सांगतो, “मुंबईच्या मोठ्या एजन्सीचा माणूस आहे मी.” कायद्यात असल्या उपएजंटाला स्थानच नाही. त्याला पासपोर्ट देऊ नका. मूळ मार्कशीट तर इथल्या नोकरीसाठीसुद्धा कोणाच्या ताब्यात देऊ नका. ती अडकली, की नोकरी सोडायची वाट बंद होते.

मग विश्वास कोणावर ठेवावा? माझ्या पाहण्यात जे कन्सल्टंट टिकले, ते उमेदवाराकडून एक रुपया घेत नव्हते, कंपनीचं नाव आणि हातात येणारा पगार आधी सांगत होते, आणि “ही जागा तुझ्यासाठी नाही” असं तोंडावर म्हणू शकत होते. शेवटची गोष्ट सगळ्यात दुर्मीळ, कारण तसं म्हणताना त्यांची फी जात होती. कॉन्ट्रॅक्टरची पारख त्याच्या ऑफिसात होत नाही. शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटवर उभं राहून त्याच्याच पोरांना विचारावं, पगार कुठल्या तारखेला होतो आणि स्लिप मिळते का.

जे आधीच कामाला लागलेत, त्यांनी पगाराच्या स्लिपवर कापलेला पीएफ आणि उमंग ॲपवरच्या पासबुकात जमा झालेला पीएफ, दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. यूएएनशी जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला, तरी शेवटच्या भरण्याचा मेसेज येतो. दोन महिने भरणा दिसत नसेल, तर कॉन्ट्रॅक्टरच्या ‘करतो, करतो’वर थांबू नका. कोल्हापुरात पीएफचं प्रादेशिक कार्यालय आहे, आणि epfigms.gov.in वर घरबसल्या तक्रार करता येते. तक्रारीत कॉन्ट्रॅक्टरबरोबर मूळ कंपनीचंही नाव लिहा. कंपनीकडे विचारणा झाली, की कॉन्ट्रॅक्टरची बिलं अडतात, आणि थकलेला पीएफ भरायची घाई त्यालाच होते.