शेवटची वीस मिनिटे

आपल्या मंडळातील पहाटे पळणाऱ्या सभासदांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे, आणि त्याबरोबर मनगटावरील घड्याळांतून निघणाऱ्या आकड्यांची चर्चाही वाढली आहे. त्या आकड्यांपैकी एक विशेष वादाचा असतो, तो म्हणजे ‘थ्रेशोल्ड पेस’. कोणी तो घड्याळाने सांगितला म्हणून मानतो, कोणी २२० मधून वय वजा करून हृदयगती काढतो व तिच्यावरून अंदाज बांधतो. वस्तुतः हा आकडा मिळविण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. तीस मिनिटांची, एकट्याने धावावयाची एक चाचणी पुरते. अमेरिकन प्रशिक्षक जो फ्रील यांनी ती लोकप्रिय केली. चाचणी दिसते सोपी. पण तिच्यातील प्रत्येक अटीला कारण आहे, आणि ते कारण न समजता केलेली चाचणी हटकून चुकीचे उत्तर देते.

प्रथम ‘थ्रेशोल्ड’ म्हणजे काय ते पाहू. सावकाश पळताना स्नायूंत तयार होणारे लॅक्टेट हृदय, यकृत आणि इतर स्नायू वापरून टाकतात, त्यामुळे रक्तातील त्याची पातळी स्थिर राहते. वेग वाढवीत नेला की एक सीमा अशी येते की तिच्या पलीकडे निर्मिती वापरापेक्षा अधिक होते आणि पातळी मिनिटागणिक चढत जाते. पातळी स्थिर राहू शकेल असा जास्तीत जास्त वेग म्हणजे आपला थ्रेशोल्ड. जुन्या पुस्तकांत ही सीमा लिटरमागे ४ मिलिमोल अशी ठोकळ दिलेली असते. पण व्यक्तीव्यक्तीत ती बरीच खाली-वर असते, म्हणून एका आकड्यावर विसंबणे योग्य नाही. लॅक्टेट हे विष नव्हे, इंधन आहे, हे आपण वैद्यकीय मंडळी जाणतोच. येथे ते केवळ साक्षीदार आहे. व्यवहारात साधा धावपटू हा वेग शर्यतीत सुमारे तासभर टिकवू शकतो.

मग चाचणी एक तासाची का नाही? कारण सरावात, एकट्याने, संपूर्ण तासभर सर्वस्व ओतून कोणी पळत नाही. शर्यतीत पुढे-मागे माणसे असतात, रस्त्याच्या कडेला टाळ्या असतात. त्याने जो जोर येतो तो पहाटे एकट्याने येत नाही. अनुभव असा की, एकट्याने तीस मिनिटे जीव तोडून धावल्यावर जो वेग मिळतो तो शर्यतीतील तासाभराच्या वेगाच्या जवळ येतो. एकटेपणाची उणीव आणि कमी अवधीचा लाभ एकमेकांना जवळजवळ फेडतात. म्हणून ‘एकट्याने’ ही अट चाचणीचा अर्धा भाग आहे. मित्राला सोबत घेऊन, किंवा एखाद्या शर्यतीत तीस मिनिटे मोजून हा आकडा काढला तर तो हमखास अधिक वेगवान येतो, आणि त्यावर आखलेला सराव दोन आठवड्यांत अंगावर येतो.

आता शेवटची वीस मिनिटेच का, हा प्रश्न. धावणे सुरू होताच ऑक्सिजनचा वापर आणि हृदयगती एकदम आपल्या जागी पोहोचत नाहीत. तीव्र श्रमात पहिली काही मिनिटे त्या चढतच असतात. त्या चढणीची सरासरी धरली तर हृदयगती कमी दिसते. शिवाय पहिल्या दहा मिनिटांतील वेगावर उत्साहाचा ताबा असतो. म्हणून दहा मिनिटे झाली की घड्याळाचे ‘लॅप’चे बटन दाबावयाचे आणि उरलेल्या वीस मिनिटांची सरासरी घ्यावयाची. फ्रील स्वतः हृदयगती शेवटच्या वीस मिनिटांची घेतात आणि वेग मात्र संपूर्ण तीस मिनिटांचा. अनेक प्रशिक्षक दोन्ही शेवटच्या वीसांतूनच काढतात. मी दुसऱ्या पद्धतीचा पुरस्कार करतो, पण दोन्ही आकडे काढून शेजारी ठेवावेत असे सुचवितो. त्याचा उपयोग काय, ते पुढील उदाहरणावरून दिसेल.

येथे सर्वांत मोठा गैरसमज सांगितलाच पाहिजे. पहिली दहा मिनिटे मोजावयाची नाहीत म्हणजे ती ‘वॉर्म-अप’ची नव्हेत. ती चाचणीचाच भाग आहेत आणि त्याच जोराने धावावयाची आहेत. ती रमतगमत काढून नंतर वीस मिनिटे जोर लावला तर ती वीस मिनिटांची चाचणी होते आणि वेग वाजवीपेक्षा चढा येतो. वॉर्म-अप त्याआधी वेगळा करावा: पंधरा मिनिटे सावकाश धाव, मग वीस-वीस सेकंदांच्या चार जलद धावा, दोन-तीन मिनिटे विसावा, आणि मग प्रारंभ.

आमच्या गटातील एका शल्यचिकित्सकांचे उदाहरण घेतो. वय ४८, पळण्याचा सहा वर्षांचा अनुभव. चाचणी चारशे मीटरच्या ट्रॅकवर, अगदी आतल्या लेनमधून. (लेन एकाने बाहेर सरकली की दर फेरीला साडेसात मीटरहून थोडे अधिक अंतर वाढते, घड्याळातील उपग्रहावरील मोजमापही वळणांवर चुकते, म्हणून फेऱ्या मोजणेच खात्रीचे.) मी वही घेऊन कडेला उभा होतो. माझे काम दर दहा मिनिटांना अंतर टिपण्याचे. ओरडून वेळ सांगणे वा प्रोत्साहन देणे कटाक्षाने वर्ज्य, कारण त्याने एकटेपणाची अट मोडते.

पहिल्या चाचणीत ते शर्यतीसारखे सुटले. पहिल्या दहा मिनिटांत २.०८ किलोमीटर, दुसऱ्या दहांत १.८४, तिसऱ्या दहांत १.६८. शेवटच्या वीस मिनिटांचे अंतर झाले ३.५२ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंद. संपूर्ण तीस मिनिटांत ५.६० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटे २१ सेकंद. या दोन आकड्यांत वीस सेकंदांचे अंतर! हीच चाचणी फसल्याची खूण. एकाच माणसाचा एकाच सकाळचा वेग दोन हिशेबांनी इतका वेगळा येत असेल तर दोन्ही हिशेब टाकून द्यावेत. गंमत अशी की हृदयगतीवर मात्र फारसा बोभाटा दिसत नव्हता. शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी १६८ होती आणि वेग उतरत असतानाही ती वरच चिकटून होती. केवळ हृदयगती पाहणाऱ्याला ही चाचणी उत्तम वाटली असती.

दहा दिवसांनी दुसरी चाचणी केली. या वेळी त्यांना एकच सूचना दिली: पहिल्या दहा मिनिटांत ‘हे जरा कमीच होते आहे’ असे वाटले पाहिजे. चारशे मीटरची फेरी सुमारे २ मिनिटे ८ सेकंदांत. अंतरे आली १.८७, १.८८ आणि १.९१ किलोमीटर. शेवटच्या वीस मिनिटांत ३.७९ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटे १७ सेकंद. संपूर्ण तीस मिनिटांत ५.६६, म्हणजे ५ मिनिटे १८ सेकंद. दोन्ही हिशेब एका सेकंदाच्या अंतराने जुळले. हृदयगतीची सरासरी १६६, त्यातील पहिल्या दहा मिनिटांची १६४ आणि नंतरची १६८.

एकूण अंतराचा विचार करा. पहिल्या वेळी बरोबर चौदा फेऱ्या, दुसऱ्या वेळी चौदा फेऱ्या आणि साठ मीटर. फरक तो केवळ साठ मीटरचा. पण थ्रेशोल्डचा वेग मात्र ५:४१ वरून ५:१७ वर, तब्बल चोवीस सेकंदांनी बदलला. शेवटच्या वीस मिनिटांचा हिशेब सुरुवातीच्या उतावळेपणाला इतका जबर दंड करतो. म्हणूनच ही पद्धत समान वेगाने धावता येणाऱ्यालाच खरे उत्तर देते, आणि पहिली चाचणी बहुधा शिकण्यासाठीच खर्ची पडते.

२२० वजा वय हे सूत्र या गृहस्थांना कमाल हृदयगती १७२ सांगते. त्यावरून कोणी सराव आखला असता तर १६६ हा आकडा जवळजवळ कमाल ठरला असता. प्रत्यक्षात शेवटच्या मिनिटाला त्यांच्या छातीच्या पट्ट्याने १८१ नोंदविले. पट्टा म्हणण्याचे कारण असे की मनगटावरील प्रकाशाने मोजणारे यंत्र पुष्कळदा हृदयाऐवजी पावलांची लय पकडते. मिनिटाला १६५ ते १७५ पावले पडतात, आणि आकडाही नेमका तिथेच जाऊन बसतो. पहिल्याच मिनिटात हृदयगती एकदम वर उडी मारून सरळ रेषेत राहिली तर ती पावले समजावीत.

मिळालेला वेग खरा की नाही हे पडताळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, शर्यतीचा: ५:१७ ने दहा किलोमीटरला ५२ मिनिटे ५० सेकंद लागतील. तासाच्या जवळपास दहा किलोमीटर पळणाऱ्याच्या बाबतीत शर्यतीचा निकाल याच्या आसपास यावा. दुसरा मार्ग आपल्या व्यवसायाचा. आठवड्याभराने त्याच वेगाने तीस मिनिटे धावावे आणि दहाव्या व तिसाव्या मिनिटाला लॅक्टेट मोजावे. या वीस मिनिटांत वाढ लिटरमागे १ मिलिमोलपेक्षा अधिक नसेल तर पातळी स्थिर मानतात. मात्र बोट नीट पुसून पहिला थेंब टाकून द्यावा. घामातही लॅक्टेट असते आणि ते वाचन फुगविते.

आकडा हाती आल्यावर त्याचा खरा उपयोग सावकाश धावण्यात आहे, असे माझे मत आहे. फ्रील यांच्या वर्गवारीनुसार दीर्घ सहज धाव थ्रेशोल्डच्या वेळेच्या ११४ ते १२९ टक्के असावी. आमच्या शल्यचिकित्सकांसाठी ती ६ मिनिटे ते ६ मिनिटे ५० सेकंद होते, हृदयगती १४१ ते १४८. ते रोज ५:४० ने पळत होते, म्हणजे ना सहज ना तीव्र. त्यांच्या पोटऱ्यांच्या तक्रारीचे मूळ मला तेथेच दिसले.

काही मर्यादा. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याची हृदयगती या हिशेबात निरुपयोगी ठरते. त्याने केवळ वेग पाहावा. चाळिशी उलटलेल्याने, विशेषतः मधुमेह, रक्तदाब वा घरातील हृदयविकाराचा इतिहास असल्यास, ईसीजी व स्ट्रेस टेस्ट झाल्यावाचून ही चाचणी करू नये. ज्वर येऊन गेल्यावर काही आठवडे तर नाहीच. उकाड्यात त्याच श्रमाला हृदयगती चढते आणि वेग उतरतो. आमच्या इंदूरला मे महिन्यात पहाटेही पारा पंचविसाच्या आसपास असतो; डिसेंबरच्या आकड्याशी मेचा आकडा ताडून ‘मी मागे पडलो’ असे म्हणण्यात अर्थ नाही. सहा ते आठ आठवड्यांनी, त्याच ट्रॅकवर, त्याच वेळी, आदल्या दिवशी विश्रांती घेऊन चाचणी पुन्हा करावी. ऋतू बदलला असेल तर नव्या ऋतूचा नवा आकडा वहीत स्वतंत्र पानावर लिहावा.